परेरांनी पाटील कशाला व्हावं?

वसईचा ख्रिस्ती माणूस चारचौघांत दोन वाक्यं नीट मराठीत बोलला, की समोरच्याला हमखास प्रश्न पडतो, "मग तुमचं मूळ आडनाव काय?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाकडं काही नसतं. परेरा, लोपीस, डायस ही वरून चढवलेली वस्त्रं आहेत आणि आत कुठंतरी एखादा पाटील, म्हात्रे किंवा जोशी बसलेला आहे, एवढंच त्याला वाटत असतं. २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काहींनी तिला उघड विरोध केला. तो मुख्यतः त्यांच्या धर्मगुरू असण्याला होता. तरी ज्याचं नाव फ्रान्सिस आणि आडनाव दिब्रिटो तो मराठीचा प्रतिनिधी कसा, हा सूर त्यात होताच. नंदाखालला जन्मलेल्या आणि हयातभर मराठीत लिहिलेल्या माणसाबद्दलची ही चर्चा होती.

अलीकडे हाच प्रश्न आमच्या आतूनही येऊ लागला आहे. तरुण मुलं म्हणतात, पोर्तुगीज तर १७३९ मध्ये गेले, त्यांची आडनावं आपण अजून का वागवायची? राजपत्रात जाहिरात दिली की नाव बदलता येतं, मग बदलून टाकू. मला हा सल्ला पटत नाही. पोर्तुगिजांबद्दल प्रेम आहे म्हणून नव्हे. आडनाव बदलून सुटेल अशी अडचण इथं नाहीच, आणि जी खरी अडचण आहे तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही, म्हणून.

आधी आडनावं आली कशी ते पाहू. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली, आणि पुढची दोनशे वर्षं फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा संघांचे मिशनरी या पट्ट्यात काम करत होते. बाप्तिस्म्याच्या वेळी नवख्रिस्ती माणसाला संताचं नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचं, म्हणजे संस्काराच्या वेळी त्याच्यासाठी उभं राहिलेल्या पोर्तुगीज माणसाचं. हा धर्मपिता कोणी शिपाई असे, कोणी अंमलदार, कोणी जमीनदार. एकाच घरातला थोरला आज बाप्तिस्मा घेतो आणि धाकटा चार वर्षांनी दुसऱ्या धर्मपित्यासमोर उभा राहतो, तर एक परेरा होतो आणि दुसरा रॉड्रिग्ज. उलट एकाच अंमलदाराने वाडीतल्या पाच असंबद्ध कुटुंबांचं धर्मपितृत्व घेतलं तर पाचही घरं डिसोझा. म्हणून आमच्याकडे भावकी आणि आडनाव यांचा मेळ लागत नाही. सोयरीक जुळवताना जुनी माणसं आडनाव विचारत नाहीत. आळी विचारतात, घराचं नाव विचारतात, "कोणाच्या तू?" असं विचारतात.

आता अशा घराने 'मूळ' आडनावाकडे जायचं तर कुठं जायचं? बाप्तिस्म्याआधी हा माणूस काय म्हणून ओळखला जायचा, हे टिपून ठेवण्याची मिशनऱ्यांना गरज नव्हती. शिवाय सोळाव्या शतकात आजच्या अर्थाने आडनाव होतं का, हाही प्रश्नच आहे. तेव्हा माणसाची ओळख स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने, गावाने, धंद्याने आणि वतनाने होई. तुकोबांना आपण आडनावाने ओळखत नाही, आणि ते सांगायची वेळ आलीच तर मोरे की आंबिले असा घोळ होतो. एकोणिसाव्या शतकातले बाबा पदमनजी घ्या. त्यांचं आडनाव मुळे होतं. पण १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला आणि पुढे 'यमुनापर्यटन' लिहिणारा हा माणूस आपल्याला स्वतःच्या आणि वडिलांच्या नावानेच माहीत आहे. घराघराला एकच कायमचं आडनाव चिकटलं ते मुख्यतः इंग्रजी अमलातल्या शाळांच्या आणि महसुलाच्या दप्तरांमुळे. त्या वेळी वसईचा लोपीस लोपीस म्हणून नोंदला गेला आणि त्याचा शेजारी म्हात्रे म्हणून. नोंद करणारं दप्तर तेच होतं आणि काळही तोच. मग त्यातलं एक अस्सल आणि दुसरं उपरं कशावरून?

या आडनावांचं पोर्तुगीजपणही किती उरलंय ते बघा. लिस्बनच्या माणसापुढे आमच्या आजोबांसारखं 'लोपीस', 'रुमाव', 'घोन्सालविस' म्हणून दाखवा, तो गोंधळून जाईल. डाबरे हे आडनाव तर ऐकणाऱ्याला देशावरचंच वाटतं. ते 'द आब्रेउ'वरून आलं असं सांगितलं जातं. बाहेरून आलेले शब्द मराठीने पगार, बटाटा, चावी म्हणून जसे पचवले, तशीच ही आडनावंही पचवली आहेत.

दुसरा मुद्दा जरा नाजूक आहे आणि मूळ आडनावाचा आग्रह धरणारे तो सहसा टाळतात. मराठी आडनावातून जात कळते. नेहमी नाही, पण ऐकणारा तर्क लढवतोच. आमच्या पोर्तुगीज आडनावांतून ती कळत नाही. वसईतही सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन असे गट आहेत आणि कालपरवापर्यंत सोयरिकी त्यांच्या आतच होत होत्या. त्यामुळे आमच्यात भेद नव्हता असा दावा मी करणार नाही. पण डिमेलो या आडनावावरून बाहेरच्या माणसाला त्याची पायरी ठरवता येत नाही, एवढं खरं. हे आडनाव टाकून पाटील किंवा जोशी लावायचं म्हणजे सोळाव्या शतकात जी खूण पुसली गेली ती आपल्या हाताने पुन्हा कोरायची. आणि ती कोणती कोरायची हे ज्याचं तोच ठरवणार, कारण पुरावा कुणाकडेच नाही. मग गावात अचानक सगळे उच्चकुलीन निघतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

नगर जिल्ह्यात नेमकी उलटी घडण झाली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केलं. या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना माणसाचं आडनाव बदलण्यात रस नव्हता. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते नारायण वामन टिळकच राहिले. लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच राहिल्या आणि मुलगा देवदत्त. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ साली बाप्तिस्म्याने नेहेम्या झाले, पण गोऱ्हे हे आडनाव तसंच राहिलं. पुढे खेड्यापाड्यांत, दलित वस्त्यांमध्ये मंडळ्या उभ्या राहिल्या तिथं गायकवाड, साळवे, शिंदे, वाघमारे ही आडनावं कायम राहिली आणि पहिली नावं मराठी बायबलमधून आली. योसेफ, याकोब, पौलस, शमुवेल, दाविद, रूथ, एस्तेर. त्याच जिल्ह्यात नंतर आलेल्या कॅथलिक धर्मगुरूंनी बाप्तिस्मा दिलेली माणसं जोसेफ, पीटर, अँथनी झाली. एकाच संताच्या नावाची दोन रूपं, योसेफ साळवे आणि जोसेफ साळवे. नगरकडच्या जाणत्या माणसाला एवढ्यावरून दोघांची देवळं वेगळी आहेत हे ओळखता येतं, निदान जुन्या पिढीपुरतं तरी.

या घडणीतलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे क्रिकेटपटू विजय हजारे. १९१५ साली सांगलीत जन्मलेल्या या माणसाचं पूर्ण नाव विजय सॅम्युअल हजारे. पहिलं नाव आणि आडनाव ऐकून कुणाला शंका येत नाही, वडिलांचं नाव मध्ये आलं की कळतं. पुण्याचे चंदू बोर्डे तर चंद्रकांत गुलाबराव बोर्डे. ते मराठी ख्रिस्ती कुटुंबातले आहेत, हे पूर्ण नाव उच्चारूनही समजत नाही.

म्हणजे नाव परकं आणि आडनाव देशी ही नगरची रीत, तर वसईची रीत आडनाव परकं आणि नाव परकं, पण मधली शिवण मराठी. स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, हा क्रम पोर्तुगिजांनी दिलेला नाही. त्यांच्याकडे आईचं आणि बापाचं अशी दोन कुळनावं शेवटी येतात. संताच्या नावाला बापाचं नाव जोडून पुढे आडनाव लावणं ही रीत आमची, म्हात्रे-पाटलांची जी आहे तीच. 'मूळ काय' असं विचारणाऱ्याने ही शिवण पाहावी.

खरा घोळ आडनावात नाही, पहिल्या नावात आहे. तो कळतो तलाठ्याच्या कार्यालयात.

समजा, वसईतल्या एका गावात पास्कू इनास लोपीस नावाचे शेतकरी वारले. ईस्टरच्या सुमारास जन्म झाला म्हणून नाव पास्कोल, घरात आणि गावात पास्कू. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असल्यामुळे त्यांचे आजोबाही पास्कू, आणि थोरल्या मुलाचं नाव पुन्हा इनास. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं 'पास्कू इनास' आणि 'इनास पास्कू' आलटून पालटून येत राहतात. जुन्या नोंदीतला इनास पास्कू म्हणजे ह्यांचे वडील की मुलगा, हे फेरफाराची तारीख पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. शेजारच्या आळीत आणखी एक पास्कू इनास लोपीस निघाला तर बघायलाच नको.

आता वारस नोंद करायची. अर्जासोबत मृत्यूचा दाखला लागतो. तो इंग्रजीत असेल तर त्यावर 'पास्कल' असतं, कारण रुग्णालयाने आधारकार्ड पाहून लिहिलेलं असतं. आधारवर पास्कल आलं ते निवडणूक ओळखपत्रावरून. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत 'पास्कोल' आहे, पोर्तुगीज वळणाचं. सातबाऱ्यावर पास्कू. एका माणसाची ही तीन नावं. तलाठी विचारतो, हे तिघे एकच कशावरून? त्याचं चुकत नाही, जमीन आता गुंठ्यावर विकली जाते. मग 'पास्कू, पास्कल आणि पास्कोल ही एकाच व्यक्तीची नावे आहेत' असं प्रतिज्ञापत्र करायचं, गावातल्या दोन माणसांच्या सह्या घ्यायच्या, वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये नावं चढवायची, मग फेरफार, नोटीस, आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी.

एवढ्यावर भागत नाही, कारण मुली आहेत. ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केलं नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. पत्नीला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलामुलींना सारखं. मुलगी लग्न होऊन वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी गेलेली. माहेरी ती मारी पास्कू लोपीस. सासरी आणि सगळ्या सरकारी कागदांवर मेरी दुमिंग डायस. पहिलं नाव बदललं, मधलं बदललं आणि आडनावही बदललं. ही तीच बाई हे दाखवायला काय आहे?

आहे, आणि ते चर्चमध्येच आहे. कॅथलिक नियमाप्रमाणे बाप्तिस्म्याची मूळ नोंद कधी बदलत नाही. माणसाचं लग्न कुठंही लागो, तिथला धर्मगुरू ती माहिती बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाला कळवतो आणि मूळ नोंदीच्या समासात लग्नाची तारीख, ठिकाण आणि जोडीदाराचं नाव लिहिलं जातं. मारीच्या ओळीत तिचे आईवडील आहेत, धर्मपिता आणि धर्ममाता आहेत, आणि समासात दुमिंग डायस आहे. तिचं माहेरचं आणि सासरचं नाव एकाच ओळीत सांगणारा कागद बहुतेकदा हाच असतो. ही समासातली नोंद लिहिलेला बाप्तिस्म्याचा दाखला मागून घ्या असं मी ओळखीच्यांना नेहमी सांगतो. पुष्कळजण नुसता दाखला आणतात, त्यावर समासातलं काही नसतं आणि पुन्हा खेप पडते.

पण ही नोंदवही रोमन लिपीत आहे आणि अडतं ते इथंच. तिच्यातलं रूप सातबाऱ्याच्या मराठी रूपाशी जुळत नाही. मारी की मारिया, दुमिंग की डोमिंगोस, मनवेल की मॅन्युअल, बस्त्याव की सेबॅस्टियन. गावाने चारशे वर्षांत या संतांना आपल्या तोंडाला बसतील असे उच्चार दिले आणि महसूल खात्याने ते इमानदारीने लिहून घेतले. चर्चने मात्र ते कधी लिहिले नाहीत. संताचं नाव म्हणजे त्याचं पुस्तकी रूप, अशी समजूत. मग इंग्रजी शाळा आल्या आणि मनवेल म्हणवून घ्यायची लाज वाटू लागली. आडनाव पोर्तुगीज असल्याची लाज वाटणाऱ्या पिढीला स्वतःचं इंग्रजी पहिलं नाव मात्र खटकत नाही, याची मला गंमत वाटते.

नियमाचं बंधन आहे म्हणावं तर तेही नाही. १९१७ च्या धर्मसंहितेत धर्मगुरूला सांगितलं होतं की बालकाला ख्रिस्ती नाव ठेवलं जाईल असं पाहा. आईबाप ऐकत नसतील तर त्यांनी ठेवलेल्या नावाला संताचं नाव जोडा आणि दोन्ही नोंदवहीत लिहा. १९८३ च्या संहितेने ही सक्ती काढली. आता एवढंच म्हटलं आहे की ख्रिस्ती भावनेला परकं वाटेल असं नाव नको. म्हणून आज वसईत स्नेहा परेरा आणि संदीप रॉड्रिग्ज सहज भेटतात. आडनावाबद्दल मात्र त्या कलमात अक्षरही नाही. चर्चला माणसाच्या पहिल्या नावाशी घेणंदेणं आहे. म्हणूनच पहिलं नाव कसं लिहायचं याची पहिली जबाबदारीही चर्चची आहे.

यात २०२४ साली सरकारची भर पडली. त्या वर्षी १ मे रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांची नावं मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायची, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. आईचं नाव यावं, हे उत्तमच. पण आमच्याकडे जोडनावं फार. बाळाचं नाव जॉन पॉल, आई ग्रेसी, वडील इनास. लिहिलं, 'जॉन पॉल ग्रेसी इनास लोपीस'. यातला पॉल कोण? शाळेतला कारकून त्याला आईच्या रकान्यात ढकलेल, नाहीतर गाळून टाकेल. दहावीच्या प्रमाणपत्रावर नुसता जॉन उरेल आणि पासपोर्टच्या वेळी जन्मदाखला निराळं सांगेल. स्नेहा किंवा संदीपच्या आईबापांना हा ताप नाही, कारण त्यांचं नाव एका शब्दाचं. जोडनाव ठेवायचंच तर ते जोडून लिहावं, 'जॉनपॉल', 'रोझमेरी', आणि जन्मदाखल्यापासून तसंच ठेवावं. दिसायला बरं नाही म्हणून काही आयांना ते आवडत नाही. पण पुढच्या खेपा वाचतात.

म्हणून माझी मागणी धर्मप्रांताकडे आहे. बाप्तिस्मा नोंदवहीत आणि दाखल्यावर एक देवनागरी रकाना असावा. त्यात बाळाचं, आईवडिलांचं आणि धर्ममातापित्यांचं नाव घरात ज्या रूपाने घेतात त्या रूपात लिहावं. आडनावही कुटुंब लिहितं तसं, लोपीस तर लोपीस, लोपेस तर लोपेस. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि इथली उपासना, प्रवचनं, 'सुवार्ता' मासिक सगळं मराठीत चालतं. तेव्हा नोंदवहीनेच रोमन लिपीला चिकटून राहण्याचं कारण नाही. यावर दोन धर्मगुरूंनी मला एकच आक्षेप सांगितला. ही नोंद जगभर कुठेही पाठवावी लागते, मेलबर्नच्या पॅरिशला देवनागरी कशी कळणार? आक्षेप रास्त आहे. पण मी रोमन रकाना काढा म्हणत नाही, शेजारी आणखी एक काढा म्हणतो. मेलबर्नला रोमन रकाना जाईल आणि तलाठ्याकडे देवनागरी. जुन्या नोंदींचं काय, तर त्या सगळ्या नव्याने लिहिण्याचीही गरज नाही. कुणी दाखला मागायला आला की त्याच्या सातबाऱ्यावरचं रूप पाहून, धर्मगुरूंच्या सहीने, दाखल्याच्या शेऱ्यात 'गावात पास्कू या नावाने ओळख' एवढी ओळ टाकता येईल. त्या एका ओळीने प्रतिज्ञापत्राला मोठा आधार मिळेल.

नगरकडच्या मंडळ्यांची अडचण वेगळी आहे आणि हा उपाय त्यांना पुरणार नाही. तिथं काही घरांत शाळेतलं नाव एक आणि मंडळीतलं नाव दुसरं ठेवावं लागतं. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच स्थान आहे, ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाही. शमुवेल साळवे हे नाव शाळेच्या दाखल्यावर घालायचं की नाही, हा तिथं सवलतीचा आणि पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि तो सुटेल तर त्या आदेशात बदल होऊनच. पण निदान तिथं साळव्यांना कुणी तुमचं मूळ आडनाव काय असं विचारत नाही. वसईच्या परेरांनीही यापुढे तो प्रश्न ऐकला की पाटलांचं आडनाव शोधत बसू नये. आपल्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर कसं लिहिलंय ते काढून बघावं, आणि चर्चमधल्या नोंदीशी ते जुळत नसेल तर आईवडील हयात असतानाच दोन्ही कागद जुळवून घ्यावेत.